साहित्य विभागात रसायनं, ग्रेड, संहती आणि उपकरणं कशी लिहावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.चे प्रकल्प, पीएच.डी.चे प्रबंध आणि शोधनिबंध लिहिणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं हवेत राहू नयेत म्हणून सगळीकडे एकच प्रयोग धरला आहे: जांभळाच्या बियांच्या अर्कातली एकूण फेनॉलं फोलिन-सिओकॅल्टो रीएजंटने मोजणं. वनस्पतिशास्त्र, जैवरसायन, फार्मसी आणि अन्नतंत्रज्ञान या सगळ्याच विभागांत हा प्रयोग होतो, आणि साहित्य लिहिताना होणाऱ्या बहुतेक चुका यात सापडतात.

प्रयोग थोडक्यात असा. ०.५ मिलि अर्क, त्यात दहापट विरल केलेला फोलिन रीएजंट २.५ मिलि, मग ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट २ मिलि. एकूण ५ मिलि. ठरलेला वेळ थांबायचं आणि येणारा निळा रंग ७६५ नॅनोमीटरवर मोजायचा. तुलनेसाठी गॅलिक आम्लाची प्रमाण द्रावणं.

१. साहित्य विभागात काय लिहायचं आणि कार्यपद्धतीत काय? दोन्हीकडे तेच तेच होतं.

बाटलीतून, खोक्यातून किंवा शेतातून जे आलं ते साहित्य. त्याचं तुम्ही जे केलं ती कार्यपद्धती. फोलिन रीएजंट २ नॉर्मल होता, कोणत्या कंपनीचा होता, हे साहित्यात येतं. तो दहापट विरल करून २.५ मिलि घातला, हे कार्यपद्धतीत.

गोंधळ होतो तो मधल्या पायरीवर, म्हणजे तुम्ही स्वतः बनवलेल्या द्रावणांबाबत. ७.५ टक्के कार्बोनेट हे साहित्य की कृती? आमचा सल्ला असा की बनवलेल्या द्रावणांचा साहित्यातच वेगळा परिच्छेद करावा: किती ग्रॅम, कशात विरघळवून, किती मिलिपर्यंत भरलं, कुठे आणि किती दिवस ठेवलं. मग कार्यपद्धतीत नुसतं ‘कार्बोनेट द्रावण २ मिलि’ म्हटलं तरी भागतं आणि एकच आकडा दोन ठिकाणी दोन प्रकारे छापला जात नाही.

२. बाटलीवरचं नेमकं काय काय उतरवून घ्यायचं?

रसायनाचं पूर्ण नाव, त्यात स्फटिकजल आहे की नाही, कॅस क्रमांक, ग्रेड, शुद्धतेची टक्केवारी, कंपनी, कॅटलॉग क्रमांक आणि लॉट क्रमांक. द्रवरूप असेल तर संहती आणि घनतासुद्धा. हे सगळं छापलं जाणार नाही, पण वहीत सगळं हवं. बाटली संपली की ती धुऊन दुसऱ्या कामाला लागते आणि लेबल जातं. त्यामुळे बाटली पहिल्यांदा उघडाल त्याच दिवशी लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

छापताना किमान नाव, स्फटिकजल, ग्रेड किंवा शुद्धता आणि कंपनी द्यावी. कॅटलॉग क्रमांक दिला तर नावाविषयी शंकाच उरत नाही. लॉट क्रमांक कधी छापायचा ते प्रश्न १० मध्ये आहे.

३. ‘सर्व रसायनं एआर ग्रेडची होती’ हे एक वाक्य पुरेसं नाही का?

खरोखरच सगळी तशी असतील तर चालेल. पण बहुतेक वेळा तसं नसतं. मिथेनॉल एचपीएलसी ग्रेडचं असतं, कार्बोनेट एलआर असतं, गॅलिक आम्लावर ‘९८ टक्के’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि फोलिन रीएजंट तर तयार मिश्रण. त्याला एआर म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

शिवाय ‘एआर’ या दोन अक्षरांमागे सगळ्या कंपन्यांचं एकच मानक नसतं. एसीएस किंवा आयपी असं लिहिलेलं असेल तर त्यामागे एक छापील मानक असतं. एआर, जीआर, एक्स्ट्रा प्युअर ही कंपन्यांची स्वतःची वर्गवारी असते. म्हणून ग्रेडच्या जोडीला शुद्धतेची टक्केवारी आणि कंपनी लिहावी.

सगळ्याच रसायनांची ग्रेड सारखी महत्त्वाची नसते, हेही लक्षात घ्या. ज्याच्या वजनावर तुमचा आकडा उभा आहे त्याची शुद्धता सगळ्यात आधी पाहावी. इथे ते गॅलिक आम्ल. ते ९८ टक्के शुद्ध असेल आणि तुम्ही १०० धरलं, तर प्रत्येक नमुन्याचं उत्तर सुमारे २ टक्क्यांनी जास्त येतं. कार्बोनेट इथे फक्त द्रावण अल्कधर्मी करण्यासाठी आहे. ते ९९ टक्के आहे की ९९.५, यानं काही बिघडत नाही. त्यातलं स्फटिकजल मात्र चांगलंच बिघडवतं.

४. स्फटिकजल लिहिलं नाही तर खरंच इतका फरक पडतो?

साहित्य विभागात सगळ्यात जास्त वेळा गळणारी आणि सगळ्यात महाग पडणारी गोष्ट हीच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

सोडियम कार्बोनेट तीन रूपांत मिळतं. निर्जल Na2CO3 (कॅस 497-19-8), रेणुवस्तुमान १०५.९९. मोनोहायड्रेट Na2CO3·H2O (कॅस 5968-11-6), १२४.००. आणि डेकाहायड्रेट Na2CO3·10H2O (कॅस 6132-02-1), २८६.१४. हे शेवटचं म्हणजे आपला धुण्याचा सोडा. तुमच्या लेखात ‘सोडियम कार्बोनेट ७.५ ग्रॅम, १०० मिलिपर्यंत’ एवढंच असेल आणि वाचणाऱ्याच्या कपाटात डेकाहायड्रेट असेल, तर त्यानं मोजलेल्या ७.५ ग्रॅममध्ये खरं कार्बोनेट २.७८ ग्रॅमच असतं. उरलेलं सगळं पाणी. तुमच्याइतकं कार्बोनेट हवं असेल तर त्यानं २०.२५ ग्रॅम घ्यायला हवं होतं.

परिणाम परीक्षानळीत दिसतो. फोलिन रीएजंटमध्ये फॉस्फोरिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते उदासीन करून वर द्रावणाचा सामू साधारण १० पर्यंत गेला, तरच फेनॉलं झपाट्याने इलेक्ट्रॉन देतात आणि निळा रंग भरतो. कार्बोनेट कमी पडलं की रंग फिका येतो आणि सावकाश चढतो. तुमच्या लेखातल्या ३० मिनिटांनी मोजणाऱ्याला अर्ध्या वाटेवरचा आकडा मिळतो.

गॅलिक आम्लाची गोष्ट याहून फसवी, कारण तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. निर्जल रूपाचं (कॅस 149-91-7) रेणुवस्तुमान १७०.१२ आणि मोनोहायड्रेटचं (कॅस 5995-86-8) १८८.१४. मोनोहायड्रेटचे ५० मिलिग्रॅम १०० मिलिमध्ये घेऊन ‘लिटरला ५०० मिलिग्रॅम’ असं लिहिलं, तर प्रत्यक्षात निर्जल हिशेबाने ते ४५२ असतं. आलेख सरळ येतो, बिंदू रेषेवर नीट बसतात, आणि नमुन्यांची सगळी उत्तरं १०.६ टक्क्यांनी फुगतात. खरे ५०० हवे असतील तर ५५.३ मिलिग्रॅम घ्यावे लागतात. म्हणून बाटलीतलं रूप लिहा, आणि उत्तर कोणत्या रूपात मोजलं आहे तेही लिहा: ‘निर्जल गॅलिक आम्लाच्या समतुल्य’.

५. टक्के लिहिताना काय चुकतं? ‘८० टक्के मिथेनॉल’ सगळ्यांनाच कळतं की.

कळतं असं वाटतं. ८० मिलि मिथेनॉल आणि २० मिलि पाणी एकत्र केलं तर ८० टक्के. ८० मिलि मिथेनॉल घेऊन पाण्याने १०० मिलिच्या खुणेपर्यंत भरलं तरी ८० टक्के. पण ही दोन मिश्रणं अगदी एकसारखी नाहीत, कारण मिथेनॉल आणि पाणी मिसळल्यावर आकुंचन पावतात आणि खुणेपर्यंत यायला २० मिलिहून थोडं जास्त पाणी लागतं. वजनाने ८० टक्के घेतलं तर फरक आणखी वाढतो: ८० ग्रॅम मिथेनॉल म्हणजे सुमारे १०१ मिलि. म्हणून ‘मिथेनॉल आणि पाणी, ८०:२०, आकारमानाने, वेगवेगळं मोजून मिसळलेलं’ असं लिहावं.

घन पदार्थ द्रवात असेल तर ‘वजन प्रति आकारमान’ आणि द्रवात द्रव असेल तर ‘आकारमान प्रति आकारमान’ हे शब्द टक्क्याला जोडूनच हवेत.

आम्लांच्या बाबतीत हा घोळ सगळ्यात वाईट. ‘१० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल’ म्हणजे काय? बाटलीतलं ३७ टक्क्यांचं तीव्र आम्ल १० मिलि घेऊन १०० मिलिपर्यंत भरलं तर ते साधारण १.२ मोलर होतं. वजनाने खरोखर १० टक्के बनवलं तर साधारण २.९ मोलर. दोघांच्याही वहीत ‘१० टक्के’. आम्लं आणि अल्कली सरळ मोलरमध्ये लिहा, आणि मूळ बाटली किती टक्क्यांची होती तेही द्या.

६. ‘फोलिन रीएजंट १:१० विरल केला’ यात काय कमी आहे?

दोन गोष्टी कमी आहेत. पहिली, मूळ संहती. हा रीएजंट बाजारात २ नॉर्मल आणि १ नॉर्मल अशा दोन्ही रूपांत मिळतो. बाटली दोन्हीची सारखीच पिवळी दिसते. २ नॉर्मल दहापट विरल केला की ०.२ नॉर्मल होतो, आणि ५ मिलिच्या अंतिम मिश्रणात २.५ मिलि घातल्यावर ०.१ नॉर्मल. १ नॉर्मलवर हीच कृती केली तर सगळं निम्म्यावर येतं. प्रमाण आलेखाची खालची टोकं ठीक दिसतात, पण फेनॉल जास्त असलेल्या नळ्यांत रीएजंट अपुरा पडायला लागतो आणि रेषा वरच्या टोकाला वाकते. असा वाकलेला आलेख दिसला तर आधी बाटलीवरचा नॉर्मलचा आकडा पाहावा.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘१:१०’ हे चिन्हच. काहींसाठी ते १ भाग रीएजंट आणि ९ भाग पाणी, काहींसाठी १ आणि १०. पहिल्यात ०.२ नॉर्मल, दुसऱ्यात ०.१८२. ‘१० मिलि रीएजंट पाण्याने १०० मिलिपर्यंत’ असं लिहिलं की वाद मिटतो.

कोणत्याही महत्त्वाच्या रसायनाच्या तीन संहती सांगता यायला हव्यात: बाटलीतली, वापरासाठी बनवलेली आणि अंतिम मिश्रणातली. शेवटची सहसा कोणी देत नाही. पण पाचऐवजी एक मिलिमध्ये किंवा मायक्रोप्लेटमध्ये प्रयोग करू पाहणाऱ्याला तीच हवी असते.

७. पाणी आणि वनस्पती हेही साहित्यात धरायचं?

हो. पाण्याचा प्रकार लिहा: एकदा ऊर्ध्वपातित, दोनदा ऊर्ध्वपातित, की शुद्धीकरण यंत्रातलं. यंत्रातलं असेल तर विद्युतरोध द्या. अतिशुद्ध पाण्यासाठी तो २५ अंश सेल्सिअसला १८.२ मेगाओहम सेंटीमीटर असतो. या प्रयोगात पाण्यानं फार बिघडत नाही. धातूंचं प्रमाण मोजत असाल तर सगळंच बिघडतं.

वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग, कुठून आणि कोणत्या महिन्यात आणला, ओळख कोणी पटवली आणि हर्बेरियममधला नमुना क्रमांक. जांभूळबी कशी वाळवली, किती बारीक दळली हेही द्या. ‘बारीक पूड’ म्हणू नका. ‘४० मेशच्या चाळणीतून गेलेली, छिद्र ४२५ मायक्रोमीटर’ असं म्हणा, कारण नुसत्या मेशच्या आकड्याचा अर्थ चाळणी कोणत्या मानकाची आहे त्यावर बदलतो.

८. उपकरणांची यादी कुठे थांबवायची? बीकर, स्टँड, ड्रॉपर हेही लिहायचं का?

नाही. कसोटी एकच: ही वस्तू बदलली तर आकडा बदलेल का? बीकर बदलून काही होत नाही. क्युवेट, वजनकाटा, सेंट्रिफ्यूज यांनी होतं.

सेंट्रिफ्यूजचं उदाहरण घ्या. ‘५,००० आरपीएमवर १० मिनिटं’ हे दोन यंत्रांवर दोन वेगळे प्रयोग आहेत. नळीवर पडणारं बल रोटरच्या त्रिज्येवर ठरतं:

```
RCF = 1.118 × 10^-5 × r × rpm^2     (r = cm)
```

त्रिज्या १० सेंटीमीटर असेल तर सुमारे २,८०० जी, १६ असेल तर सुमारे ४,४७०. एका यंत्रात अर्क नितळ मिळतो, दुसऱ्यात गढूळ राहतो, आणि गढूळपणा ७६५ नॅनोमीटरवर रंगासारखाच मोजला जातो. म्हणून जीमध्ये लिहा, आणि तापमान द्या. जी काढता येत नसेल तर निदान रोटरचं नाव किंवा त्रिज्या तरी द्या.

स्पेक्ट्रोफोटोमीटरसाठी कंपनी, मॉडेल, क्युवेटचं द्रव्य आणि प्रकाशमार्गाची लांबी. ७६५ नॅनोमीटरला काच चालते, क्वार्ट्झ लागत नाही. अर्क ॲसिटोनमध्ये असेल तर पॉलिस्टायरीनची क्युवेट टाळावी, ती धुरकट होते. मायक्रोप्लेट वापरली असेल तर प्रत्येक खळग्यात एकूण किती मायक्रोलिटर होतं ते लिहिलंच पाहिजे, कारण तिथे प्रकाशमार्ग द्रवाच्या उंचीइतका असतो.

वजनकाट्याचं लघुतम माप द्या. ५० मिलिग्रॅम गॅलिक आम्ल १० मिलिग्रॅमच्या पायरीनं मोजणाऱ्या काट्यावर घेतलं असेल, तर पुढच्या सगळ्या दशांशांना अर्थ उरत नाही.

९. एक परिच्छेद आधी कसा होता आणि नंतर कसा झाला, ते दाखवाल का?

आधीचा, असा मजकूर नेहमीच येतो: ‘सर्व रसायनं एआर ग्रेडची होती. फोलिन रीएजंट १:१० विरल करून वापरला. ७.५% सोडियम कार्बोनेट व गॅलिक आम्ल वापरलं. शोषण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजलं.’

दुरुस्त केलेला (तपशील उदाहरणादाखल आहेत, कंपन्यांच्या जागी तुमच्या बाटलीवरची नावं घाला):

‘फोलिन-सिओकॅल्टो रीएजंट (२ नॉर्मल, कंपनी क), गॅलिक आम्ल मोनोहायड्रेट (शुद्धता ९९ टक्के, कंपनी ख), निर्जल सोडियम कार्बोनेट (एआर, ९९.५ टक्के, कंपनी ख) आणि मिथेनॉल (एचपीएलसी ग्रेड, कंपनी ग) वापरलं. सर्व द्रावणांसाठी दोनदा ऊर्ध्वपातित पाणी घेतलं. विरल फोलिन रीएजंट: १० मिलि पाण्याने १०० मिलिपर्यंत, त्याच दिवशी बनवून गडद बाटलीत. कार्बोनेट द्रावण: ७.५ ग्रॅम पाण्यात विरघळवून १०० मिलिपर्यंत, खोलीच्या तापमानाला, आठवडाभरात वापरलं. गॅलिक आम्लाचं मूळ द्रावण: मोनोहायड्रेट ५५.९ मिलिग्रॅम (वजनकाटा ०.१ मिलिग्रॅम) मिथेनॉल-पाणी ८०:२० मध्ये १०० मिलिपर्यंत, म्हणजे निर्जल हिशेबाने लिटरला ५०० मिलिग्रॅम. शोषण १ सेंटीमीटर काचेच्या क्युवेटमध्ये, ७६५ नॅनोमीटरवर, कंपनी घ च्या अमुक मॉडेलवर मोजलं. ब्लँकमध्ये अर्काच्या जागी तेच मिथेनॉल-पाणी घेतलं.’

५५.९ कुठून आले? ५५.३ भागिले ०.९९. आणि प्रमाण द्रावणं अर्काच्याच द्रावकात केल्यामुळे सगळ्या नळ्यांत मिथेनॉल सारखंच राहतं. हे आधीच्या मजकुरात कुठेच नव्हतं.

१०. काम अर्ध्यावर असताना बाटली संपली आणि दुसऱ्या कंपनीची आणली. हे लिहायचं का?

लिहायचं, आणि कोणते नमुने कोणत्या बाटलीवर झाले तेही. फोलिन रीएजंटच्या नव्या बाटलीला नवा प्रमाण आलेख लागतो. जुन्या आलेखावर नवे आकडे बसवू नयेत. लॉट क्रमांक छापायचा तो अशाच वेळी, किंवा ज्या वस्तूंचा गुण लॉटगणिक बदलतो तिथे: प्रतिपिंडं, विकरं, रक्तद्रव. विकरांसाठी ग्रॅमऐवजी क्रियाशीलतेचे एकक द्या, आणि त्या एककाची कंपनीनं केलेली व्याख्याही.

बाटलीचं वयही यात येतं. फोलिन रीएजंट पिवळा असतो. हिरवट झाला म्हणजे तो आधीच थोडा क्षपित झाला आहे, ब्लँकच वर चढतो. असा रीएजंट टाकून द्यावा.

११. तयार किट वापरलं. त्यातली रसायनं कंपनी सांगत नाही. मग?

किटचं पूर्ण नाव, कॅटलॉग क्रमांक, लॉट आणि सोबतच्या सूचनापत्रकाची आवृत्ती द्या. पत्रकापासून जिथे जिथे वेगळं केलं, निम्मं आकारमान घेतलं किंवा वेळ वाढवली, ते आकड्यांसह लिहा. ‘कंपनीच्या सूचनांनुसार’ हे वाक्य त्यानंतरच वापरावं.

१२. जर्नलची शब्दमर्यादा आहे. ‘पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे’ म्हटलं तर चालतं ना?

त्या जुन्या लेखात सगळं असेल तर चालतं. पण तो लेख उघडून पाहिला की तिथेही अनेकदा ‘पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे’च असतं. संदर्भ देण्याआधी तो वाचा आणि प्रश्न ४, ५ व ६ मधल्या गोष्टी त्यात आहेत का पाहा. नसतील तर त्या तुम्ही द्या. जागा नसेल तर संपूर्ण तक्ता पुरवणी मजकुरात टाका. बहुतेक नियतकालिकं त्याला शब्द मोजत नाहीत.

१३. काही सुटलं नाही ना, हे कसं तपासायचं?

कार्यपद्धतीची छापील प्रत घ्या आणि त्यात आलेल्या प्रत्येक द्रवाखाली, घन पदार्थाखाली, यंत्राखाली रेघ मारा. मग प्रत्येक रेघेला साहित्यात जोडी आहे का पाहा. उलटंही करा: साहित्यातली वस्तू कृतीत कुठे वापरलीच नसेल तर ती काढा किंवा विसरलेली पायरी शोधा.

त्यानंतर शेजारच्या टेबलावरच्या, हा प्रयोग न केलेल्या सहकाऱ्याला फक्त साहित्य विभाग द्या आणि कपाटातून बाटल्या काढून मांडायला सांगा. तो जिथे थांबून ‘कोणतं कार्बोनेट?’ असं विचारेल, तिथे तुमचं वाक्य अपुरं आहे.

१४. प्रयोग दोन वर्षांपूर्वी केला, रूप आणि ग्रेड नोंदवलीच नाही. आता प्रबंधात काय लिहू?

आठवणीवरून लिहू नका. आधी विभागाचं स्टॉक रजिस्टर आणि खरेदीची बिलं पाहा. बिलावर बहुधा कॅटलॉग क्रमांक असतो आणि त्यावरून स्फटिकजल, ग्रेड, पॅकिंग सगळं कळतं. लॉट क्रमांक मिळाला तर कंपनीकडून त्या लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र मागता येतं.

बाटली शिल्लक आहे पण लेबल गेलं आहे, अशा वेळी कार्बोनेटचं रूप वजनावरून ओळखता येतं. डेकाहायड्रेटचे खडे पारदर्शक असतात आणि उघड्यावर राहिले की त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, त्यामुळे नुसत्या दिसण्यावर भरवसा नको. साधारण २ ग्रॅम नमुना क्रुसिबलमध्ये तोला, ओव्हनमध्ये आधी मंद आणि मग १५० अंशांवर ठेवा. वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा तोला. डेकाहायड्रेट सुमारे ३४ अंशांलाच स्वतःच्या पाण्यात वितळतं, घाई केली तर उडतं. वजन सुमारे ६३ टक्के घटलं तर डेकाहायड्रेट, १४.५ टक्के घटलं तर मोनोहायड्रेट, जवळजवळ काहीच घटलं नाही तर निर्जल. मधलाच आकडा आला तर अर्धवट सुकलेला डेकाहायड्रेट असू शकतो, आणि मग दोन वर्षांपूर्वी त्यात किती पाणी होतं हे कळायला मार्ग नाही.

यातलं काहीच हाती लागलं नाही तर ‘स्फटिकजलाची नोंद उपलब्ध नाही’ असं स्पष्ट लिहा, आणि बाटली नवी आणून निदान दोन-तीन नमुने पुन्हा करून ते आकडे शेजारी द्या.